दोन चाचण्या, एक प्रश्न : पुनरावृत्ती-अभ्यासातील तफावत कशी मांडावी

सोलापूर जिल्ह्यातील बार्शी येथील नर्गिस दत्त मेमोरियल कॅन्सर हॉस्पिटल, मुंबईचे टाटा मेमोरियल सेंटर आणि फ्रान्समधील लिऑन येथील आंतरराष्ट्रीय कर्करोग संशोधन संस्था यांनी मिळून त्या वेळच्या उस्मानाबाद, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यात गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या तपासणीची जी मोठी चाचणी घेतली, तिचे निष्कर्ष २००९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध झाले. ५२ गावसमूहांतील ३० ते ५९ वयाच्या १,३१,७४६ स्त्रिया या चाचणीत होत्या. गावसमूहांची यादृच्छिक पद्धतीने चार गटांत विभागणी केली होती : एका गटाला एचपीव्ही या विषाणूची चाचणी, दुसऱ्याला पॅप स्मिअर, तिसऱ्याला गर्भाशयमुखावर पातळ ॲसिटिक ॲसिड लावून साध्या डोळ्यांनी पाहण्याची, व्हीआयए या नावाने ओळखली जाणारी तपासणी, आणि चौथ्या, म्हणजे तुलनेच्या गटाला नेहमीच्या सेवा. पुनरावृत्ती-अभ्यासाचा अहवाल कसा लिहावा हे समजून घेण्यासाठी यांपैकी तिसरा गट सर्वांत उपयोगी आहे, कारण याच व्हीआयए तपासणीविषयी दोन वर्षे आधी, २००७ मध्ये, ‘लॅन्सेट’मध्ये तामिळनाडूतील दिंडिगल जिल्ह्याचा अभ्यास आला होता आणि त्याचा निष्कर्ष वरवर पाहता अगदी वेगळा होता.

दिंडिगलमध्ये व्हीआयए गटातील स्त्रियांचा गर्भाशयमुखाच्या कर्करोगाने होणारा मृत्यू तुलनेच्या गटापेक्षा कमी आढळला आणि त्याचे हॅझर्ड रेशो, म्हणजे दोन गटांतील मृत्यूच्या वेगाचे गुणोत्तर, ०.६५ होते, त्याचा ९५ टक्के विश्वास-अंतराल ०.४७ ते ०.८९ होता. उस्मानाबादेत हेच गुणोत्तर ०.८६ आले आणि अंतराल ०.६० ते १.२५ असा होता. गुणोत्तर १ असेल तर दोन गटांत फरक नाही, १ पेक्षा कमी असेल तर तपासणीने मृत्यू घटले, असा याचा अर्थ. विश्वास-अंतराल म्हणजे हाती आलेल्या माहितीशी सुसंगत राहतील अशा मूल्यांचा पट्टा, आणि दुसऱ्या अभ्यासाचा पट्टा १ ओलांडून पलीकडे गेला आहे. एवढे पाहून अनेक प्रबंधांत वाक्य लिहिले जाते की, ‘पहिल्या अभ्यासात परिणाम लक्षणीय होता, दुसऱ्यात तो लक्षणीय नाही, म्हणून पहिला निष्कर्ष पुनरावृत्तीत टिकला नाही.’ हे वाक्य चुकीचे आहे, आणि ते चुकीचे का आहे हे दाखवणारी आकडेमोड दहा मिनिटांत होते.

येथे एक गोष्ट आधीच नोंदवली पाहिजे. उस्मानाबादची चाचणी दिंडिगलचा निष्कर्ष पडताळण्यासाठी आखलेली नव्हती. तिच्यात स्त्रियांची नोंदणी १९९९ मध्येच सुरू झाली होती आणि दोन्ही चाचण्या बराच काळ एकाच वेळी चालू होत्या. त्यामुळे काटेकोर अर्थाने ही ‘आधी मूळ, मग पुनरावृत्ती’ अशी जोडी नसून एकाच प्रश्नाची दोनदा स्वतंत्रपणे घेतलेली परीक्षा आहे. आकडे मांडण्याची रीत मात्र दोन्ही परिस्थितींत एकच राहते, आणि ही माहिती अहवालात लपवून न ठेवता पहिल्याच परिच्छेदात द्यावी, कारण एकाच काळात चाललेल्या अभ्यासांत दुसऱ्याने पहिल्याच्या निष्कर्षाकडे पाहून आपला निष्कर्ष वाकवण्याचा धोका कमी असतो, ही वाचकाच्या दृष्टीने जमेची बाजू आहे.

आधी एकाच मापावर आणणे

तुलनेपूर्वी दोन्ही अभ्यासांतील आकडा एकाच गोष्टीचा आहे याची खात्री करून घ्यावी लागते, आणि या टप्प्यावरच बहुतेक गोंधळ होतो. दिंडिगलच्या निबंधात तपासणी गटातील ४९,३११ स्त्रियांपैकी ८३ आणि तुलनेच्या गटातील ३०,९५८ स्त्रियांपैकी ९२ मृत्यू दिलेले आहेत. घाईत असलेला वाचक थेट भागाकार करतो आणि त्याला ०.५७ मिळते, निबंधात मात्र ०.६५ छापलेले असते. उस्मानाबादेत व्हीआयए गटात ३४,०७४ स्त्रियांत ५६ आणि तुलनेच्या गटात ३१,४८८ स्त्रियांत ६४ मृत्यू झाले. थेट भागाकार ०.८१ येतो, छापलेला आकडा ०.८६ आहे. हा फरक छपाईचा नाही. छापलेले गुणोत्तर काढताना स्त्री किती काळ निरीक्षणाखाली होती आणि ती कोणत्या गावसमूहातील होती यांसारख्या गोष्टी हिशेबात घेतल्या जातात, थेट भागाकारात त्या येत नाहीत. एका अभ्यासाचा थेट भागाकार आणि दुसऱ्याचे दुरुस्त गुणोत्तर शेजारी ठेवले तर ०.५७ आणि ०.८६ अशी तफावत दिसेल, जी खऱ्या तफावतीपेक्षा बरीच मोठी आहे. म्हणून अहवालात दोन्ही बाजूंना छापलेलीच दुरुस्त गुणोत्तरे घ्यावीत आणि कच्चे मृत्यूंचे आकडे वेगळ्या वाक्यात द्यावेत.

गुणोत्तरांची वजाबाकी थेट करता येत नाही, कारण गुणोत्तराच्या जगात ०.५ आणि २ ही १ पासून सारख्याच अंतरावर असतात. त्यासाठी दोन्हींचा नैसर्गिक लॉगॅरिदम घेतला जातो : ०.६५ चा लॉगॅरिदम −०.४३१, ०.८६ चा −०.१५१. आता हवी असते प्रमाण त्रुटी, म्हणजे त्या आकड्याभोवतीची अनिश्चितता किती मोठी आहे याचे माप. निबंधात ती बहुधा दिलेली नसते, पण विश्वास-अंतरालातून ती परत मिळवता येते, कारण ९५ टक्के अंतरालाची लॉगॅरिदममधील रुंदी प्रमाण त्रुटीच्या ३.९२ पट असते. स्प्रेडशीटमध्ये हे दोन ओळींत होते :

```
=(LN(0.89)-LN(0.47))/3.92
=(LN(1.25)-LN(0.60))/3.92
```

पहिल्या ओळीचे उत्तर ०.१६३, दुसऱ्या ओळीचे ०.१८७. ही पायरी ओलांडण्यापूर्वी एक छोटी तपासणी अवश्य करावी. अंतराल लॉगॅरिदमच्या मापावर काढलेला असेल तर त्याच्या दोन टोकांच्या गुणाकाराचे वर्गमूळ मधल्या आकड्याएवढे यायला हवे. ०.४७ आणि ०.८९ यांच्या गुणाकाराचे वर्गमूळ ०.६५ येते, ०.६० आणि १.२५ यांचे ०.८७ येते, म्हणजे दोन्ही ठिकाणी सर्व ठीक आहे. दिंडिगलच्या त्याच निबंधातील दुसरा आकडा, म्हणजे मृत्यूऐवजी रोगाच्या नव्या रुग्णांचे गुणोत्तर, ०.७५ आहे आणि त्याचा अंतराल ०.५५ ते ०.९५ छापला आहे. या टोकांच्या गुणाकाराचे वर्गमूळ ०.७२ येते, उलट टोकांची साधी सरासरी अचूक ०.७५ येते. याचा अर्थ हा अंतराल लॉगॅरिदमवर समतोल नाही आणि त्यातून वरील सूत्राने काढलेली प्रमाण त्रुटी अंदाजेच राहील. ज्या संशोधकाने ही तपासणी केली नाही त्याला हे कळणारच नाही, आणि त्याच्या तक्त्यात चूक कुठून आली याचा शोध परीक्षकालाही लागणार नाही.

तफावतीचा स्वतःचा अंतराल

आता मूळ प्रश्न येतो. दोन अभ्यासांतील फरक किती आहे आणि त्या फरकाभोवती किती अनिश्चितता आहे? लॉगॅरिदममधील फरक −०.१५१ वजा −०.४३१, म्हणजे ०.२८० आहे. दोन स्वतंत्र अभ्यासांच्या फरकाची प्रमाण त्रुटी त्यांच्या प्रमाण त्रुटींच्या वर्गांची बेरीज करून तिचे वर्गमूळ घेतल्यावर मिळते, ०.१६३ आणि ०.१८७ यांवरून ती ०.२४८ येते. हा फरक गुणोत्तरात परत आणल्यास, उस्मानाबादचे गुणोत्तर दिंडिगलच्या १.३२ पट आहे आणि या १.३२ चा ९५ टक्के अंतराल ०.८१ ते २.१५ आहे. या अंतरालात १ येतो, म्हणजे दोन्ही जिल्ह्यांत व्हीआयएचा परिणाम एकसारखाच होता आणि दिसलेली तफावत योगायोगाची होती, ही शक्यता हाती असलेल्या आकड्यांशी पूर्ण सुसंगत आहे. एक अभ्यास ‘लक्षणीय’ आणि दुसरा ‘अलक्षणीय’ असला तरी त्या दोघांमधील फरक लक्षणीय असतोच असे नाही, हे अँड्र्यू गेलमन आणि हाल स्टर्न यांनी २००६ मध्ये एका स्वतंत्र लेखात मांडले होते. येथे त्याचे उदाहरण समोरच आहे.

मात्र याच अंतरालाचे दुसरे टोक तितक्याच प्रामाणिकपणे वाचले पाहिजे. २.१५ हेही सुसंगत मूल्य आहे, म्हणजे उस्मानाबादचे गुणोत्तर दिंडिगलच्या दुपटीहून अधिक असण्याची, अर्थात तेथे परिणाम जवळजवळ नसण्याची किंवा उलटाही असण्याची शक्यता या आकड्यांनी फेटाळलेली नाही. ‘फरक सिद्ध झाला नाही’ याचे ‘दोन्ही अभ्यास जुळले’ असे रूपांतर करणारा लेखक आधीच्या चुकीच्या वाक्याची उलटी बाजू लिहीत असतो. या दोन वाक्यांमध्ये जी जागा आहे ती अंतरालाच्या दोन्ही टोकांचा उल्लेख करूनच भरता येते.

दोन अंतराल एकमेकांवर चढतात की नाही हे डोळ्यांनी पाहून निर्णय घेण्याची पद्धतही टाळावी, कारण थोडेसे एकमेकांवर चढलेले दोन अंतराल असतानाही त्यांतील फरक स्पष्ट असू शकतो. त्याच जातीचा दुसरा लोकप्रिय निकष म्हणजे नव्या अभ्यासाचा आकडा जुन्या अंतरालात बसतो का हे पाहणे. ०.८६ हा ०.४७ ते ०.८९ मध्ये अगदी काठावर बसतो. पण जुन्या अंतरालाने फक्त जुन्या अभ्यासाची अनिश्चितता मोजलेली असते, नव्याची नाही, त्यामुळे दोन्ही अभ्यास तेवढ्याच आकाराचे आणि खरा परिणाम एकच असला तरी नवा आकडा जुन्या ९५ टक्के अंतरालात शंभरपैकी सुमारे ८३ वेळाच पडतो. योग्य प्रश्न असा असतो की, पहिला अभ्यास बरोबर असेल तर या आकाराच्या दुसऱ्या अभ्यासात कोणते आकडे अपेक्षित आहेत, आणि त्याचे उत्तर देणाऱ्या पट्ट्याला पूर्वानुमान-अंतराल म्हणता येईल. तो −०.४३१ च्या दोन्ही बाजूंना १.९६ गुणिले ०.२४८ इतके अंतर घेऊन मिळतो, आणि गुणोत्तरात ०.४० ते १.०६ येतो. दिंडिगलचा निष्कर्ष खरा मानला तरी उस्मानाबादेत ०.४० पासून १.०६ पर्यंत काहीही येऊ शकले असते, ०.८६ त्यात आरामात बसतो. चाचणी सुरू होण्याआधीच हा पट्टा काढून ठेवला, तर कोणत्या निकालाला ‘तफावत’ म्हणायचे हे आधीच ठरते आणि निकाल पाहून निकष बदलण्याचा मोह राहत नाही.

हा पट्टा इतका रुंद का? लाखाहून अधिक स्त्रियांच्या चाचणीत इतकी अनिश्चितता पाहून नवखा वाचक गोंधळतो. कारण असे की, मृत्यूच्या गुणोत्तराची प्रमाण त्रुटी स्त्रियांच्या संख्येवर नव्हे, तर मृत्यूंच्या संख्येवर ठरते. उस्मानाबादच्या दोन गटांत मिळून फक्त १२० मृत्यू आहेत. ५६ आणि ६४ यांच्या व्यस्तांच्या बेरजेचे वर्गमूळ घेतल्यास ०.१८३ येते, आणि छापलेल्या अंतरालातून काढलेली ०.१८७ तिच्या अगदी जवळ आहे. दिंडिगलमध्ये ८३ आणि ९२ वरून ०.१५१ येते आणि छापलेल्या अंतरालातून ०.१६३; हा थोडा जास्तीचा रुंदपणा एका गावातील स्त्रियांमध्ये साम्य असल्यामुळे येऊ शकतो, कारण तेथेही व्यक्तींची नव्हे, तर पंचायतींची यादृच्छिक वाटणी झाली होती. ज्या पुनरावृत्ती-अभ्यासात गावे किंवा शाळा वाटलेल्या असतात आणि तरीही अंतराल व्यक्ती धरून काढलेला असतो, तेथे तो खऱ्यापेक्षा अरुंद निघतो आणि नसलेली तफावत दिसू लागते. वरील साधा हिशेब हाताशी असला की असा संशयास्पद अरुंद अंतराल लगेच ओळखता येतो : छापलेली प्रमाण त्रुटी मृत्यूंवरून काढलेल्या किमान आकड्याएवढीच असेल आणि वाटणी गावांची असेल, तर लेखकांना ते विचारायला हवे.

कारण शोधताना

तफावत योगायोगाशी सुसंगत आहे असे दिसल्यावरही तिची कारणे मांडण्याचा मोह प्रत्येक लेखकाला होतो, आणि तेथे आवर घालणे आवश्यक आहे, कारण जी तफावत अजून असल्याचे सिद्धच झालेले नाही तिची कारणे सांगणे म्हणजे बारशाआधी लग्न ठरवणे आहे. कारण मांडायचेच असेल तर ते आकड्यांच्या दिशेशी जुळते का हे आधी पाहावे. सर्वांत सहज सुचणारे स्पष्टीकरण असे की उस्मानाबादेत कमी स्त्रियांनी तपासणी करून घेतली असेल. प्रत्यक्षात दिंडिगलमध्ये पात्र स्त्रियांपैकी ६३.६ टक्के स्त्रियांची तपासणी झाली होती, तर उस्मानाबादेत व्हीआयए गटातील सुमारे चार पंचमांश स्त्रियांची. प्रतिसाद उस्मानाबादेत अधिक होता, म्हणजे हे कारण तफावत स्पष्ट करण्याऐवजी ती आणखी गूढ करते, आणि अहवालातून ते वगळणे भाग आहे. दुसरा फरक पार्श्वभूमीचा आहे : तुलनेच्या गटात दिंडिगलमध्ये सुमारे ३१ हजार स्त्रियांत ९२ मृत्यू झाले, उस्मानाबादेत साडेएकतीस हजारांत ६४. मूळचा धोका वेगळा असला तर गुणोत्तर तेच राहूनही वाचलेल्या जिवांची संख्या बदलते, म्हणून गुणोत्तराबरोबर दर लाख स्त्रियांमागचा फरकही द्यावा. आरोग्य खात्यातील वाचकाला बहुधा तोच हवा असतो.

योगायोग की खरा फरक, हे कारणांच्या यादीने नव्हे, तर तिसऱ्या अभ्यासाने ठरते. व्हीआयएच्या बाबतीत तो मुंबईत झाला. टाटा मेमोरियल सेंटरने झोपडपट्टी भागांतील ३५ ते ६४ वयाच्या स्त्रियांमध्ये प्राथमिक आरोग्यसेविकांकडून दर दोन वर्षांनी अशा चार फेऱ्यांची तपासणी घेतली. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या निष्कर्षात मृत्युदराचे गुणोत्तर ०.६९ आणि अंतराल ०.५४ ते ०.८८ होता. दिंडिगल आणि उस्मानाबाद यांची अचूकतेनुसार वजन देऊन काढलेली एकत्रित सरासरी ०.७३ आणि अंतराल ०.५८ ते ०.९३ येते, आणि मुंबई जोडल्यावर ती ०.७१, अंतराल ०.६० ते ०.८४ अशी होते. मुंबईत एकाऐवजी चार फेऱ्या होत्या आणि लोकवस्ती शहरी होती, म्हणून ही बेरीज करताना ‘तिन्ही ठिकाणी एकच गोष्ट मोजली’ असा दावा न करता हा फरक वाक्यात लिहावा. तरीही बार्शीच्या संशोधकांनी मोजलेला ०.८६ हा आकडा एकट्याने वाचल्यास ‘परिणाम नाही’ असा दिसतो आणि इतर दोघांच्या शेजारी वाचल्यास परिणामाच्या एकत्रित पुराव्यात भर घालणारा ठरतो, हे या बेरजेत स्पष्ट दिसते.

प्रबंधात किंवा निबंधात हा भाग एका परिच्छेदात मावतो. तो साधारण असा असावा : ‘दिंडिगल येथे व्हीआयए तपासणीमुळे गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या मृत्यूचे गुणोत्तर ०.६५ (९५ टक्के अंतराल ०.४७ ते ०.८९, मृत्यू ८३ आणि ९२) आढळले होते, उस्मानाबाद येथे ते ०.८६ (०.६० ते १.२५; मृत्यू ५६ आणि ६४) आढळले. दोन्ही ठिकाणी दिशा एकच आहे. उस्मानाबादचे गुणोत्तर दिंडिगलच्या १.३२ पट (०.८१ ते २.१५) आहे; हा फरक योगायोगाशी सुसंगत आहे, परंतु परिणाम उस्मानाबादेत बराच कमी असण्याची शक्यताही ही माहिती नाकारत नाही. दोन्ही अभ्यासांची एकत्रित सरासरी ०.७३ (०.५८ ते ०.९३) आहे.’ या परिच्छेदात ‘यशस्वी’ किंवा ‘अयशस्वी पुनरावृत्ती’ हे शब्द नाहीत, आणि त्यांची गरजही पडत नाही.

उस्मानाबादच्या चाचणीचा मुख्य निष्कर्ष एचपीव्ही गटाचा होता : ३४ मृत्यू, गुणोत्तर ०.५२, अंतराल ०.३३ ते ०.८३. तो निष्कर्ष आजही भक्कम आहे. पण त्याच निबंधावरून ‘व्हीआयए उस्मानाबादेत निष्फळ ठरली’ असे लिहिण्याचा अधिकार ०.६० ते १.२५ हा अंतराल कोणालाही देत नाही.